आईचा जुना फोन, नवा फोन आणि मधलं 31 जीबीचं व्हॉट्सॲप

*आईचा 64 जीबीचा रेडमी पूर्ण भरलाय, म्हणून 128 जीबीचा सॅमसंग घेतला. व्हॉट्सॲप एकटंच 31 जीबी दाखवतंय, संपर्क 1146 आहेत, फोटो 2016 पासूनचे. गूगलची फुकट जागा 15 जीबीच. तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणतो, अर्ध्या तासात सगळं टाकून देतो. त्याच्याकडे द्यावा का घरीच करावं? आणि कुठलं ॲप भरवशाचं?*

घरीच करा, आणि त्यासाठी सुट्टीची एक अख्खी दुपार ठेवा. गुरुवार मात्र नको. दुरुस्तीसाठी वीज गेली की वायफाय जातं आणि कामाचा धागा नेमका मधेच तुटतो.

दुकानदार फसवतोय असं नाही. तो सॅमसंगचं स्मार्ट स्विच लावणार. ते संपर्क, फोटो, एसएमएस, कॉलची यादी आणि बरीचशी ॲप्स नीट आणतं. जे येत नाही ते व्हॉट्सॲपमधलं बोलणं. व्हॉट्सॲपचं चिन्ह नव्या फोनवर दिसतं, म्हणून काम झालं असं वाटतं. मग कोणीतरी ते उघडतं, नंबर टाकतं, 'बॅकअप सापडला नाही' आल्यावर Skip दाबतं, आणि नवं, रिकामं व्हॉट्सॲप सुरू होतं. चॅट गेल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका Skip मध्ये असतं.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्यांचा क्रम आपोआप कळेल. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची खासगी खोली असते आणि दुसऱ्या ॲपला तिथे डोकावता येत नाही. व्हॉट्सॲपचं चालू संभाषण त्या खोलीत असतं. बाहेर, सगळ्यांना दिसणाऱ्या जागेत, त्याची फक्त कुलूपबंद प्रत पडलेली असते. त्या कुलपाची किल्ली त्याच मोबाइल नंबरची पडताळणी झाल्यावर व्हॉट्सॲपला मिळते. त्यामुळे संपर्क आणि फोटो कोणत्याही चांगल्या साधनाने न्या, पण चॅट न्यायला व्हॉट्सॲपचे स्वतःचेच मार्ग वापरावे लागतात. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना ते तीन आहेत: गूगल खात्यातला बॅकअप, दोन फोन समोरासमोर ठेवून क्यूआर कोडने थेट हस्तांतर, आणि फोनमधल्या त्या कुलूपबंद फाइलवरून परत उभं करणं.

तुमच्या बाबतीत पहिला मार्ग बाद. व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या जागेत मोजला जात नसे. डिसेंबर 2023 पासून तो टप्प्याटप्प्याने मोजला जाऊ लागला, आणि 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांत मिळून आहेत. बॅकअपमधून व्हिडिओ वगळता येतात, फोटो वगळता येत नाहीत. म्हणून तुमच्यासाठी मुख्य मार्ग क्यूआरचा, आणि तो मधेच अडकला तर हाताशी असावी म्हणून कुलूपबंद फाइलची प्रत लॅपटॉपवर.

हलवण्याआधी आवरायचं. 31 जीबीतलं बरंच काही आईंना नकोच असणार. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या Settings मधून Storage and data आणि तिथून Manage storage उघडा. वर दोन ढीग दिसतील: अनेकदा फॉरवर्ड झालेलं, आणि 5 एमबीहून मोठं. फॉरवर्डचा ढीग जवळजवळ डोळे मिटून उडवता येतो. 'शुभ सकाळ'चे हात जोडलेले गणपती उद्या पुन्हा येणारच आहेत. मोठ्या फाइलींच्या ढिगात मात्र एकेक बघत जा, कारण नातवंडांचे व्हिडिओही तिथेच असतात. यात फोटो आणि व्हिडिओ जातात, मजकूर तसाच राहतो. समजा 31 चे 22 जीबी झाले. त्याचा दुसराही फायदा आहे: ठासून भरलेल्या फोनवर व्हॉट्सॲपला नवा बॅकअप लिहायलाच जागा उरत नाही आणि तो मुकाट्याने जुनाच ठेवतो.

त्याच बसण्यात दोन कुलपं तपासा. पहिलं, Settings, Account, Two-step verification. तिथे सहा आकडी पिन चालू असेल आणि आईंना आठवत नसेल, तर आत्ताच बदलून घ्या. नव्या फोनवर तो विचारला जाईल, आणि सोबत ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागू शकतं. दुसरं, Chats, Chat backup, End-to-end encrypted backup. हे चालू असेल तर बॅकअप उघडायला त्याचा स्वतंत्र पासवर्ड किंवा 64 अक्षरी किल्ली लागते, आणि ती हरवली तर कंपनीलाही तो उघडता येत नाही. कधीतरी उत्साहात कोणीतरी चालू केलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. तसं असेल तर जुना फोन चालू आहे तोवरच ते बंद करून घ्या.

आता सुरक्षेची प्रत. त्याच Chat backup मध्ये गूगलवर जाणाऱ्या बॅकअपसाठी Never निवडा आणि Back up दाबा. म्हणजे फक्त फोनमध्ये ताजी प्रत बनेल. ती इथे असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases/
    msgstore.db.crypt14
```

शेवटचा आकडा 15 सुद्धा असू शकतो. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन तिची वेळ आजची आहे ना, हे डोळ्यांनी बघा. वेळ कालच्या रात्री दोनची असेल, तर ती रोज पहाटे आपोआप बनणारी प्रत आहे आणि तुमचं Back up पूर्ण झालेलं नाही. बहुतेकदा जागाच कमी पडलेली असते.

वेळ बरोबर असेल तर फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनवर आलेल्या सूचनेत File transfer निवडा, आणि com.whatsapp मधलं WhatsApp नावाचं अख्खं फोल्डर लॅपटॉपवर उतरवा. फक्त Databases घेऊ नका. मजकूर Databases मध्ये असतो, पण फोटो, व्हिडिओ आणि आवाजाचे निरोप शेजारच्या Media मध्ये असतात. नुसती पहिली फाइल नेली, तर संभाषण येतं आणि फोटोंच्या जागी धूसर चौकोन उरतात. लॅपटॉपला फोन दिसतच नसेल तर फोनला दोष देण्याआधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे बाजारात घेताना 'डेटा केबल' असं स्पष्ट मागा. प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणार असाल, तर तो FAT32 पद्धतीचा असेल तर 4 जीबीहून मोठी एकही फाइल तो घेत नाही. लॅपटॉपची डिस्क बरी.

उतरवून झालं की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का बघा. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक करून Properties उघडलं की संख्या दिसते. हजारो लहान फाइली असताना केबलने उतरवताना मधेच एखादी चूक येते आणि बाकीचं तिथेच थांबतं. खिडकी बंद झाली म्हणजे काम झालं, असं समजू नका.

व्हॉट्सॲप आता तसंच ठेवा आणि संपर्कांकडे वळा. 1146 हा आकडा एका जागेचा नाही. जुन्या फोनमध्ये संपर्क तीन ठिकाणी पडलेले असतात: गूगल खात्यात, फोनच्या स्वतःच्या यादीत आणि सिममध्ये. फोनचं ॲप तिन्ही एकत्र दाखवतं, म्हणून फरक कळत नाही. समजा 612 गूगलमध्ये, 390 फोनमध्ये आणि 144 सिममध्ये निघाले. नव्या फोनवर नुसतं गूगल खातं जोडलं तर 612 येतील आणि उरलेल्या 534 जणांचा पत्ता नाही. नव्या फोनवर पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटतं. पंधरा दिवसांनी गॅसवाल्याचा नंबर सापडत नाही, तेव्हा उलगडा होतो.

तेव्हा गूगलचं Contacts ॲप जुन्या फोनवर उघडा आणि वरच्या चित्रावर दाबून कोणत्या खात्यात आहात ते बघा. इथे एक जुनंच दुखणं निघतं. पहिला फोन घेताना दुकानात कोणीतरी घाईघाईने जीमेल काढून दिलेलं असतं, त्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो, आणि सगळे संपर्क त्याच खात्यात. म्हणून त्या खात्याने लॅपटॉपवर खरोखर लॉग-इन करून बघा. जमत नसेल तर जुना फोन हातात असतानाच पासवर्ड बदलून घ्या, कारण त्याची पडताळणी बहुतेकदा त्याच फोनवर येते.

मग त्या ॲपमध्ये सिमवरून आयात करा आणि खातं विचारलं की आईंचं गूगल खातं निवडा. सिममधली नावं तुटकी निघाली तर आश्चर्य नको. सिमवर नावाला मोजकीच अक्षरं मिळतात आणि देवनागरी नाव त्याहून लवकर कापलं जातं. 'कुलकर्णी वहिनी सहकारनगर' चं तिथे 'कुलकर' झालेलं असतं. फोनमधल्या 390 साठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फोनच्या मूळ संपर्क ॲपमधून .vcf फाइल काढणं आणि तीच Contacts मध्ये गूगल खात्यात आयात करणं. ही फाइल उघडून बघितलीत आणि 'आई'च्या जागी असं काही दिसलं तर घाबरू नका:

```
N;CHARSET=UTF-8;ENCODING=QUOTED-PRINTABLE:;=E0=A4=86=E0=A4=88;;;
```

हे 'आई'च आहे. जुन्या पद्धतीच्या फाइलीत देवनागरी अक्षरं अशी लिहिली जातात. आयात केल्यावर ती पुन्हा नीट दिसतात. फाइल एक्सेलमध्ये उघडून 'दुरुस्त' करून पुन्हा जतन केलीत, तर मात्र खरोखर बिघडेल.

आता लॅपटॉपवर contacts.google.com उघडा. डावीकडे एकूण आकडा असतो. तो 1146 च्या आसपास हवा. नेमका तितकाच येईल असं नाही, कारण एकच माणूस सिममध्ये आणि फोनमध्ये दोन्हीकडे असतो. Merge & fix ने जुळे एकत्र करा, पण आकडा पाहून झाल्यावर. आधी जुळे काढले तर किती हरवले हे मोजायला काही उरत नाही. घोळ झालाच तर त्याच पानावरच्या सेटिंगमध्ये Undo changes आहे. त्याने यादी गेल्या 30 दिवसांतल्या कोणत्याही वेळेच्या स्थितीला नेता येते.

आता फोटो. तुमच्याकडे 22 जीबी व्हॉट्सॲप सोडून कॅमेऱ्याचे असे किती असतील? 64 च्या फोनमध्ये यंत्रणा आणि ॲप्स वजा जाता दहा-बारा जीबीहून जास्त नसणार. ते स्मार्ट स्विचने आणा. सॅमसंगवर ते आधीपासून असतं, रेडमीवर प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं. दोन्ही टोकांना सी-प्रकार असलेली केबल असेल तर ती वापरा, नसेल तर वायफायने चालेल. ब्लूटूथने फोटो पाठवायला बसू नका, रात्र पुरणार नाही. यादीत Contacts वरची खूण काढून टाका. संपर्क आता गूगलमधून येणार आहेत, दोन्ही मार्गांनी आणले तर प्रत्येक माणूस दोनदा दिसेल. आणि व्हॉट्सॲपचं ॲप त्यातून येऊन बसलं, तरी अजून उघडू नका.

स्मार्ट स्विच जे आणत नाही ते लपवलेलं. गूगल फोटोजचं Locked Folder किंवा रेडमीच्या गॅलरीतला लपवलेला अल्बम यांत काही असेल, तर आधी बाहेर काढा. मेमरी कार्ड असेल तर ते काढून लॅपटॉपवर स्वतंत्र उतरवा.

गूगल फोटोजवर बॅकअप चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ते आपणहून फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर घेतं. व्हॉट्सॲप, डाउनलोड, स्क्रीनशॉट यांची फोल्डरं वेगळी चालू करावी लागतात. शिवाय Storage saver निवडलेलं असेल तर 16 मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान होऊन साठतात. म्हणजे ती मूळ प्रत नव्हे.

तारखांचं एक कोडंही इथेच सोडवून ठेवू. कॅमेऱ्याच्या फोटोत काढल्याची तारीख फोटोच्या पोटात लिहिलेली असते, त्यामुळे तो कसाही नेला तरी 2016 चा फोटो 2016 मध्येच दिसतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतून ती माहिती काढून टाकलेली असते आणि गॅलरी फाइलच्या तारखेवर चालते. लॅपटॉपवरून नव्या फोनवर चढवलं की ती तारीख बहुधा आजची होते, आणि पाच वर्षांचे गणपती एकाच दिवशी आल्यासारखे दिसतात. फोटो गेलेले नसतात. फाइलच्या नावात खरा दिवस असतो: `IMG-20190902-WA0012.jpg` म्हणजे 2 सप्टेंबर 2019. चॅटमध्ये तो आपल्या जागीच दिसतो.

आता व्हॉट्सॲप. दोन्ही फोन चार्जरला लावा, एकमेकांशेजारी ठेवा, दोन्हीवर वायफाय, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा. बॅटरी सेव्हर, हॉटस्पॉट आणि व्हीपीएन बंद. सिम सध्या जुन्या फोनमध्येच राहू द्या. ओटीपी तिथे वाचून नव्या फोनवर हाताने टाकता येतो. नव्या फोनवर किमान 30 जीबी मोकळे आहेत याची खात्री करा.

जुन्या फोनवर व्हॉट्सॲप, Settings, Chats, Transfer chats, Start. तो आता कोड वाचायला तयार झाला. मग नव्या फोनवर व्हॉट्सॲप पहिल्यांदाच उघडा, तोच नंबर टाका, ओटीपी द्या. पुढे जुन्या फोनवरून चॅट आणण्याचा पर्याय येतो. तो निवडा आणि मागितलेल्या सगळ्या परवानग्या द्या. लोकेशन किंवा जवळची उपकरणं यांना नाही म्हटलंत तर दोन फोन एकमेकांना शोधूच शकत नाहीत. नव्या फोनवर क्यूआर कोड दिसेल, तो जुन्याने वाचायचा आणि जोडणी स्वीकारायची. आवृत्तीप्रमाणे बटणावरचे शब्द थोडे बदलतात, क्रम हाच. डेटा इंटरनेटवरून जात नाही, फोनमधून थेट फोनमध्ये जातो. त्यामुळे गूगलची जागा यात येतच नाही. सोय 2023 च्या मध्यात आली आणि एकाच जातीच्या दोन फोनांमध्ये ती सगळ्यात भरवशाची आहे.

किती वेळ लागेल हे जुन्या फोनच्या वायफायवर ठरतं. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय असेल आणि सेकंदाला 20 एमबी मिळाले, तर 22 जीबीला वीस मिनिटांच्या आत काम होतं. फोन फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा असेल आणि सेकंदाला 4 एमबीच मिळाले, तर दीड तास. इमारतीत प्रत्येक घरात राउटर असला की ही दुसरी पट्टी गजबजलेली असते. टक्केवारी हळू सरकतेय म्हणून मधे हात लावू नका. पडदा बंद होऊ देऊ नका आणि आईंना म्हणावं, एवढा वेळ जुन्या फोनवर आलेला फोन घेऊ नका.

अडकलं तर कसं ओळखायचं? आकडा पंधरा-वीस मिनिटं तसूभरही हलला नाही तर अडकलंय. दोन्हीकडे रद्द करून पुन्हा सुरू करा. नवा फोन तोवर चॅटच्या पानावर पोहोचला असेल, तर नव्या फोनवरचंच व्हॉट्सॲप काढून पुन्हा घ्या आणि पहिल्यापासून करा. जुन्या फोनवरचं काही झालं तरी काढायचं नाही. ओटीपी वारंवार मागवू नका. दोन-चार वेळांनंतर व्हॉट्सॲप काही तास थांबायला लावतं.

जुन्या फोनने 'हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला आहे' असं म्हणून दार बंद केलं, तर लॅपटॉपवरची प्रत कामी येते. नव्या फोनवरचं व्हॉट्सॲप काढा. `Android/media/com.whatsapp/` हे फोल्डर नसेल तर बनवा आणि त्यात लॅपटॉपवरचं WhatsApp फोल्डर जसंच्या तसं ठेवा. मग व्हॉट्सॲप घ्या, नंबर टाका, फाइली आणि मीडियाची परवानगी द्या. ती नाकारली तर समोर असलेली फाइलही त्याला दिसत नाही. बॅकअप सापडल्याचं आणि त्याची वेळ दाखवणारं पान आलं की Restore. न सापडल्याचं पान आलं तर Skip दाबण्याआधी थांबा. फोल्डरात फोल्डर झालंय का बघा: `WhatsApp/WhatsApp/Databases` ही नेहमीची चूक. आजची फाइल खराब निघाली तर शेजारी आधीच्या काही दिवसांच्या प्रती असतात, नावात तारीख असलेल्या, उदाहरणार्थ `msgstore-2025-06-14.1.db.crypt14`. तिचं नाव बदलून `msgstore.db.crypt14` करा. शेवटचा crypt चा आकडा मात्र आहे तोच ठेवा.

झाल्यावर तपासणी वरवरची नको. सगळ्यात जुनं चॅट उघडून अगदी वर जा. एखाद्या जुन्या वर्षातला फोटो उघडा, तो स्पष्ट दिसतो की धूसर ते बघा. एखादा आवाजाचा निरोप वाजवा, एखादी पीडीएफ उघडा. मजकूर आहे आणि फोटो धूसर आहेत, याचा अर्थ Media आलं नाही. ते लॅपटॉपवरून त्याच जागी टाकलं की बहुतेक फोटो पुन्हा जिवंत होतात, कारण चॅटमध्ये फाइलचा फक्त पत्ता लिहिलेला असतो.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. वनप्लस आणि ओप्पोचं क्लोन फोन, शाओमीचं मी मूव्हर, व्हिव्होचं ईझीशेअर, आणि अँड्रॉइड पहिल्यांदा सुरू करताना विचारतं ती डेटा उतरवण्याची सोय, ही सगळी फोटो आणि एसएमएससाठी विश्वासाची आहेत. नवा फोन ज्या कंपनीचा, तिचंच साधन वापरा. उद्या कोणी आयफोन घेतला तर ॲपलचं मूव्ह टू आयओएस वापरायचं. 2022 पासून ते व्हॉट्सॲपही नेतं, पण आयफोन नवाकोरा किंवा पूर्ण पुसलेला असेल तरच. आधी आयफोन वापरायला घेतला आणि मग चॅट आठवले, तर तो पुसूनच पुन्हा सुरुवात करावी लागते.

संगणकावर चालणारी, पैसे घेऊन 'सगळं हलवतो' म्हणणारी साधनं मी सुचवणार नाही. त्यांना कुलूप उघडायचा अधिकृत मार्ग नाही. त्यामुळे यूएसबी डीबगिंग चालू करायला लावणं, जुन्या फोनवर व्हॉट्सॲपची जुनी आवृत्ती बसवायला लावणं असले उद्योग करावे लागतात, आणि शेवटची धड प्रत याच पायरीला बिघडू शकते. जीबी व्हॉट्सॲपसारखं बनावट ॲप असेल तर वरचं काहीच लागू होईल याची खात्री नाही. आणि 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून नवा फोन जोडणं हे हस्तांतर नव्हे. तिथे अलीकडचंच बोलणं दिसतं आणि मुख्य खातं जुन्या फोनवरच राहतं.

सिम शेवटी हलवा. मग बँकेची आणि यूपीआयची ॲप्स नव्या फोनवर पुन्हा नोंदवावी लागतील, कारण ती त्या सिमवरून एसएमएस पाठवून फोन ओळखतात. कोणतंही हस्तांतर साधन ती नोंदणी आणत नाही.

जुना फोन महिनाभर तसाच ठेवा आणि त्यातलं काही पुसू नका. विशेषतः गूगल फोटोज उघडून 'आता इथले नकोत' म्हणून फोटो पुसू नका. त्याच खात्याचे फोटो गूगलच्या साठ्यातून आणि त्यामुळे नव्या फोनवरच्या गूगल फोटोजमधूनही जातात. बॅकअप झालेले फोटो 60 दिवस कचरापेटीत राहतात, न झालेले 30 दिवसच, तेवढ्यात लक्षात आलं तर परत मिळतात. जागा मोकळी करायची तर त्या ॲपमधलं Free up space वापरा, ते फक्त फोनमधली प्रत काढतं.

महिन्यानंतर फोन विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल, तर आधी सेटिंगमधून गूगल आणि शाओमी खाती काढा आणि मगच सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करा. खाती न काढता बटणं दाबून रीसेट केला, तर फोन सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि घेणारा माणूस तुमच्या दारात उभा राहतो.